गच्चीवरचा पंधरा मीटर पाईप

इंदूर, रामबाग. जानेवारीतली पहाट, गच्चीवर 10 अंश. सोलरच्या टाकीत पाणी 60 अंशांचं आहे, तरी खाली न्हाणीघरात नळ सोडला की आधी गारच पाणी येतं. टाकी आणि नळ यांच्यामध्ये आहे 15 मीटर पाऊण इंची जीआय पाईप, पूर्ण उघडा.

त्यातून किती उष्णता जाते, ते मोजू. पाईपचा बाहेरचा व्यास 27 मिमी, म्हणजे दर मीटरला सुमारे 0.085 चौरस मीटर पृष्ठभाग. हलक्या वाऱ्यात एका चौरस मीटरमधून, तापमानातल्या दर अंश फरकामागे, साधारण 12 वॅट जातात. इथे फरक 50 अंशांचा. तिन्हींचा गुणाकार केला की मीटरला 51 वॅट येतात, सबंध लाईनला सुमारे 760.

नळ चालू असताना मात्र ही गळती जाणवत नाही. मिनिटाला 6 लिटर पाणी वाहत असेल, तर नळापर्यंत ते पुरतं 2 अंशही उतरत नाही. खरं नुकसान नळ बंद केल्यावर सुरू होतं. पाईपमध्ये साडेपाच लिटर पाणी अडकतं. अर्ध्या तासाने घरातलं दुसरं कुणी अंघोळीला जातं, तोवर ते 32 अंशांवर आलेलं असतं. ते मोरीत सोडायचं, आणि थंड पडलेलं लोखंड टाकीतल्या गरम पाण्याने पुन्हा तापवायचं.

आता त्याच पाईपवर नायट्राइल रबरची 13 मिमी जाडीची नळी चढवू. गळती मीटरला 15 वॅटवर येते आणि अर्ध्या तासानंतरही पाणी 49 अंशांच्या आसपास राहतं. 19 मिमीला 51 अंश, 25 मिमीला 52. पहिल्या 13 मिमीनेच मोठं काम केलेलं असतं. घरगुती लाईनला तेवढी जाडी पुरे. उरलेले पैसे वरच्या आवरणावर घालावेत. हॉटेल-हॉस्टेलात पंपाने गरम पाणी दिवसरात्र फिरत असेल, तर हिशेब बदलतो. तिथे 19 ऐवजी 25 मिमी घेतल्यास एवढ्याच लाईनवर रोज अर्ध्या युनिटहून जास्त उष्णता वाचते.

रात्रभर उभ्या राहिलेल्या पाण्याला मात्र कुठलीच जाडी वाचवत नाही. आठ तासांनी 25 मिमीच्या आतलं पाणीसुद्धा 13-14 अंशांवर येतं. पहाटेचं पहिलं गार पाणी कमी करायचं, तर पाईपची लांबीच कमी करावी लागते.

आवरणाचं महत्त्व पहिल्या उन्हाळ्यात कळतं. उघडं काळं रबर उन्हाने कडक होतं, तडकतं, आणि पावसाळ्यात त्या भेगांतून पाणी आत शिरतं. म्हणून वर ॲल्युमिनियमचा पत्रा हवा, जोड खालच्या बाजूला ठेवून. एल्बो आणि व्हॉल्व्ह उघडे राहतात, तिथेही रबर कापून, चिकटवून बसवावं. पाऊस थांबल्यावर सगळ्यात खालच्या एल्बोजवळ रबर दाबून पाहा. बोटांना पाणी लागलं, तर वरचा एखादा जोड सुटलेला आहे.