न परतलेला नमस्कार

काही दिवसांपूर्वी वाचनालयाचा जिना चढताना वरून माझे एक जुने सहकारी उतरत होते. मी हात वर करून ‘नमस्कार’ म्हणालो. ते माझ्याकडे पाहत असल्यासारखे वाटले, पण काही न बोलता बाजूने उतरून गेले. माझा हात अजून वरच होता. त्याचे काय करावे हे न सुचून मी तो केसांवरून फिरवला, जणू मुळात त्यासाठीच तो उचलला होता, आणि कोणी पाहिले तर नाही ना, म्हणून मागे वळून पाहिले. आजचे व्याख्यान त्या हाताबद्दल आहे, असे म्हटले तरी चालेल.

त्या क्षणी माझ्या सहकाऱ्यांनी असंख्य गोष्टी म्हटल्या नव्हत्या. पावसाबद्दल ते बोलले नाहीत, माझ्या हातातल्या पुस्तकाबद्दल बोलले नाहीत, आणि त्यातले काहीही मला खटकले नाही. खटकला तो एक न आलेला नमस्कार. मौन तेच असताना त्यातली एकच अनुपस्थिती उठून का दिसते, हा प्रश्न अमेरिकेत हार्वे सॅक्स आणि इमॅन्युएल शेग्लॉफ या समाजशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात फार गांभीर्याने घेतला. त्यांचे उत्तर थोडक्यात असे की काही उक्ती जोडीने येतात. पहिली उच्चारली की तिच्या लगेच पुढे दुसरीसाठी जागा तयार होते, आणि त्या जागेत जे काही घडेल ते दुसऱ्या उक्तीच्या संदर्भातच वाचले जाते. तिथे काहीच घडले नाही, तर ते ‘काहीच नाही’सुद्धा उत्तराच्या जागेवरचे ‘काहीच नाही’ असते.

शेग्लॉफ यांच्याकडे अमेरिकेतल्या एका शहरातील पोलीस खात्याच्या दूरध्वनी संभाषणांची सुमारे ५०० ध्वनिमुद्रणे होती. ती ऐकून त्यांनी एक साधा नियम बांधला: फोन घेणारा आधी बोलतो. एक संभाषण सोडून बाकी सगळी या नियमात बसली. त्या एकात फोन पोलिसांनी केला होता. पलीकडे रिसीव्हर उचलला गेला, सुमारे एक सेकंद शांतता राहिली, आणि मग फोन करणारा पोलीसच ‘हॅलो’ म्हणाला. त्यानंतर पलीकडून ‘अमेरिकन रेड क्रॉस’ असे उत्तर आले. पाचशेतला एक अपवाद बाजूला ठेवला असता तर कोणी दोष दिला नसता, पण शेग्लॉफ यांनी त्या एकासाठी नियमच पुन्हा तपासला. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा कणा हाच आहे.

त्यांना जे दिसले ते सांगायला मराठीत आयते शब्द आहेत: हाक आणि ओ. फोनची घंटा ही हाक असते आणि उचलणाऱ्याचे ‘हॅलो’ ही तिला दिलेली ओ असते. ते अभिवादन नव्हे. त्या एका फोनवर ओ आली नाही, म्हणून पोलिसाने पुन्हा हाक मारली, फक्त या वेळी घंटेऐवजी तोंडाने. म्हणजे शब्द ‘हॅलो’ हाच, पण उचलणाऱ्याने म्हटला तर ओ आणि शांततेनंतर करणाऱ्याने म्हटला तर हाक. मोबाइलवर मध्येच आवाज गेला की आपण ‘हॅलो, हॅलो’ करतो, तेव्हाही आपण कोणाचे अभिवादन करत नसतो.

हाक आणि अभिवादन यांत आणखी एक फरक आहे. आईने ‘सुमे’ म्हणून हाक मारली आणि सुमीने ‘काय गं?’ म्हटले की पुढे बोलण्याची जबाबदारी आईवर येते, आणि ती ‘काही नाही’ म्हणाली तर सुमी वैतागते. नमस्कार–नमस्कार एवढ्यावर मात्र दोन माणसे जिन्यावरून आपापल्या वाटेने जाऊ शकतात आणि भेट पूर्ण होते. त्यामुळे क्रमात हाक–ओ आधी येते, मग अभिवादनाची जोडी, मग खुशाली आणि मग काम. ‘हॅलो’, ‘हॅलो, मी मिलिंद’, ‘हां मिलिंद, बोल’ या तीन वाक्यांत पाहा, त्या ‘बोल’ने खुशालीची पायरी ओलांडून थेट कामाला वाट दिली. रोज बोलणाऱ्यांत हे सहज चालते; वर्षभराने फोन करणाऱ्याला पहिल्याच दमात ‘बोल’ ऐकू आले, तर तो थोडा आखडतो.

शिवाय एकाच दिवशी तीच दोन माणसे दुसऱ्यांदा भेटली, तर पूर्ण नमस्कार होत नाही; मान हलते, हसू येते, फार तर ‘काय, अजून इथेच?’ होते. तरीही कोणी पुन्हा सविस्तर नमस्कार केलाच, तर समोरचा ‘अहो, सकाळीच तर भेटलो’ म्हणतो.

आता उत्तर न आल्याचा अर्थ. तो एकदम लागत नाही, पायरीपायरीने लागतो, आणि माणसे बहुधा सर्वांत निरुपद्रवी पायरीपासून सुरुवात करतात: ऐकू गेले नसेल. ती तपासायचा उपाय म्हणजे पुन्हा, थोडे मोठ्याने आणि शक्यतो नाव घेऊन म्हणणे. दुसऱ्यांदाही काही आले नाही, तर कारण समोरच्याच्या अवस्थेत शोधले जाते: घाईत असेल, ओळखले नसेल, घरी काही झाले असेल. हे सगळे संपल्यावरच ‘मुद्दाम टाळले’ हा निष्कर्ष उरतो. या सगळ्याला वेळ किती लागतो? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, दहा भाषांतील प्रश्नोत्तरांच्या एका अभ्यासात प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचे सरासरी अंतर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास निघाले. अभिवादनावर तो अभ्यास नव्हता, पण बोलण्याच्या या गतीत त्या पोलिसाचा एक सेकंद केवढा लांब होता, याची त्यावरून कल्पना येते.

अपमानाचा निष्कर्ष आणखी एका गोष्टीवर अवलंबून असतो: उत्तर देण्याचे बंधन नेमके कोणावर होते. दहा जणांच्या घोळक्याला उद्देशून केलेल्या नमस्काराला एकाने उत्तर दिले तरी भागते, आणि उरलेल्या नऊ जणांचा राग येत नाही. जिन्यावर आम्ही दोघेच होतो.

उत्तर आले तरी प्रश्न संपतोच असे नाही. ‘जय भीम’ला ‘जय भीम’ हेच अपेक्षित उत्तर असते. तिथे कोणी अत्यंत सौजन्याने ‘नमस्कार’ म्हटले, तर रिकामी जागा भरली गेली, हाक ऐकली गेली, माणूस ओळखलाही गेला. तरी जे शब्द परत आले नाहीत, ते म्हणणाऱ्याला बरोबर कळतात. इथे ‘ऐकू गेले नसेल’ ही पहिली पायरीच उपलब्ध नसते, आणि म्हणून काही वेळा असे उत्तर शांततेपेक्षाही अधिक सांगून जाते, असे माझे मत आहे.

माझ्या सहकाऱ्यांचे सांगायचे राहिले. मी पुन्हा नाव घेऊन म्हणायला हवे होते, तेवढी एक पायरी मी गाळली, आणि केसांवरून हात फिरवून पहिला नमस्कारही झालाच नव्हता असे करून टाकले. त्यामुळे त्यांना ऐकू गेले होते की नाही, हे ठरवण्याचा मार्ग मी स्वतःच बंद केला. परवा ते पुन्हा भेटले. या वेळी आधी त्यांनीच नमस्कार केला आणि मी तो तत्काळ परत केला. पण तो त्या दिवसाचा होता, की आधीच्या भेटीचा राहिलेला, हे मला अजून सांगता येत नाही.