संकष्टीची कथा की अथर्वशीर्ष? चॅनलवर पुढे काय चालू ठेवायचं

नमस्कार मंडळी! ठाण्यातून एक भक्तिपर यूट्यूब चॅनल चालवतोय असं धरा. त्यावर दोन व्हिडिओ आहेत. एक संकष्टीची कथा, 6 मिनिटांची. लोक ती सरासरी साडेतीन मिनिटं ऐकतात. दुसरा अथर्वशीर्षाचा, ओळ फोडून उच्चार शिकवणारा, 15 मिनिटांचा. तो सरासरी 6 मिनिटं चालतो. पुढची मालिका कशावर करायची?

एकूण लांबीपैकी किती ऐकलं त्याचे टक्के काढले तर कथा 58, अथर्वशीर्ष 40. म्हणजे कथा जिंकली? थांबा. व्हिडिओ लांबला की टक्का उतरतोच, त्यामुळे 6 मिनिटांची 15 मिनिटांशी तुलना करूच नका. अथर्वशीर्ष तुमच्याच तेवढ्या लांबीच्या इतर व्हिडिओंशेजारी ठेवा.

आता यूट्यूब स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओचा Audience retention हा आलेख उघडा, कुठल्या क्षणाला किती लोक बघतायत ते तो दाखवतो. कथेची रेघ हळूहळू खाली येते, वर कुठेच जात नाही. एकदा ऐकली, काम झालं. अथर्वशीर्षाची रेघ मात्र ‘गणादिं पूर्वमुच्चार्य’पाशी उंचावते. रेघ वर गेली म्हणजे लोक मागे ओढून तोच भाग पुन्हा ऐकतायत, किंवा थेट तिथे उडी मारून येतायत.

पण लगेच खूश होऊ नका. तो भाग स्वतः लावून बघा. पडद्यावरची ओळीची पाटी दोन सेकंदांत गेली असेल, तर लोक वाचायला परत आले. ती आपली एडिटिंगची चूक. पाटी पुरेशी थांबलीय, आवाज स्वच्छ आहे, तरीही उंचवटा आहे? मग लोक मागे म्हणत म्हणत पाठ करतायत. आणि व्हिडिओला पन्नासेक व्ह्यूजच असतील, तर उंचवट्याकडे लक्षच देऊ नका. दोनचार जणांनी मागे ओढलं तरी तो दिसतो.

आता तारखांचा घोळ. पूर्ण चॅनलचे आकडे उघडले की स्टुडिओ आपणहून Last 28 days दाखवतो. दोन संकष्ट्यांमध्ये साधारण 29-30 दिवस असतात. म्हणजे कधीकधी त्या 28 दिवसांत एकही संकष्टी येत नाही, आणि आपण म्हणतो, ‘कथा पडली हो!’ म्हणून 90 दिवस निवडा. त्यात अंगारकी आली असेल तर तो दिवस वेगळा काढून बघा. अंगारकीला टिटवाळ्याला किती गर्दी होते ते ठाणेकरांना काय सांगायचं! त्या दिवशी व्ह्यूज फुगतात, पण सरासरी वेळ बहुधा खाली येतो, कारण नवीन माणूस डोकावून निघून जातो.

माझा कौल विचाराल तर अथर्वशीर्ष चालू ठेवा, पण पंधरा मिनिटं एकसलग नको. उंचवट्याच्या ओळीपासून चार मिनिटांचा वेगळा भाग काढा, प्रत्येक ओळ दोनदा म्हणा, पाटी पूर्ण थांबवा. कथा बंद करू नका, ती संकष्टीच्या दोन दिवस आधी पुन्हा वर आणा. नवीन कथा मात्र इतक्यात लिहू नका.