टेंडे, गिटार आणि कोरी कॅसेट

आत्ता आपल्याला ऐकू येते आहे ती गिटार पश्चिम आफ्रिकेतील माली या देशाच्या उत्तरेकडील तिनारीवेन या वाद्यवृंदाची आहे. सहारा वाळवंटातील तुआरेग या भटक्या जमातीच्या तामाशेक भाषेत या नावाचा अर्थ 'वाळवंटे' असा होतो. जगाने या संगीताला 'डेझर्ट ब्लूज' असे नाव दिले. पण या कलावंतांनी स्वतः सांगितले आहे, की 2001 च्या सुमारास परदेशी दौरे सुरू होईपर्यंत अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे ब्लूज संगीत त्यांनी ऐकलेलेच नव्हते. ते स्वतः या संगीताला 'असूफ' म्हणतात. त्या एका शब्दात एकटेपण, हुरहुर आणि घराची ओढ असे सारेच येते.

या वृंदाचे संस्थापक इब्राहिम अग अलहबीब यांचे वडील माली सरकारविरुद्धच्या 1963 च्या तुआरेग उठावात मारले गेले, तेव्हा इब्राहिम अगदी लहान होते. कुटुंब अल्जीरियात निर्वासित झाले. एका चित्रपटात त्यांनी गिटार वाजवणारा काउबॉय पाहिला आणि मग पत्र्याचा डबा, एक काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार एवढ्या सामानातून स्वतःची गिटार तयार केली. खरी गिटार त्यांच्या हाती आली ती 1979 साली. तोवर तुआरेग तरुणांची एक पिढीच दुष्काळामुळे गुरे गमावून अल्जीरिया आणि लिबियाच्या शहरांत कामाच्या शोधात भटकू लागली होती. बेकार या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून त्यांना 'इशुमार' हे नाव पडले. शहरांत त्यांच्या कानांवर अरबी गाणी, बॉब मार्ली, हेंड्रिक्स, सँटाना आणि डायर स्ट्रेट्स पडत होते.

मात्र या संगीताचा ताल रॉकमधून आलेला नाही. तो आला आहे बायकांच्या टेंडेमधून. टेंडे म्हणजे धान्य कांडायचे लाकडी उखळच. त्याच्या तोंडावर बकरीचे ओले कातडे ताणून बसवतात, दोन्ही बाजूंना दोन मुसळे आडवी बांधतात, आणि कातडे ताणलेले राहावे म्हणून त्या मुसळांच्या टोकांवर बायका बसतात. एक जण वाजवते आणि बाकीच्या टाळ्या वाजवत गाणे उचलून धरतात. उंटाच्या चालीसारखा तो झुलता ताल गिटारीवर आणताना या मुलांनी खालच्या जाड तारेवर अंगठ्याने एकच स्वर सतत घुमत ठेवला आणि वरच्या तारांवर मोजक्याच स्वरांची चाल फिरवली. आपल्याकडे तंबोऱ्याच्या साथीवर कान तयार झालेल्या श्रोत्याला हा आधारस्वर चटकन ओळखता येईल. सूर फारसे बदलत नाहीत, म्हणून हे संगीत ब्लूजसारखे वाटते. नाते दिसते ते मुळाशी, नक्कल म्हणून नव्हे.

1980 नंतर हे तरुण लिबियातील लष्करी छावण्यांत शिरले आणि तिथेच हा वृंद आकाराला आला. जो कोणी कोरी कॅसेट आणून देईल त्याला गाणी फुकट ध्वनिमुद्रित करून द्यायची, असे त्यांनी ठरवले. एका कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा प्रती निघत आणि ट्रकमधून, उंटांवरून सीमा ओलांडत. प्रत्येक प्रतीगणिक खरखर वाढत जाई आणि स्वर अंधूक होत जाई, तरीही शब्द लोकांच्या तोंडी बसत. 1990 च्या तुआरेग उठावाची हाक अशाच गाण्यांतून तळांवर पोहोचली होती. हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण ज्याला परदेशात 'शोध' म्हटले गेले, ते संगीत सहारात वीस वर्षे घरोघरी वाजत होते.

1990 च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सच्या लो'जो या वृंदाशी त्यांची मालीची राजधानी बामाकोमध्ये गाठ पडली. त्यानंतर ब्रिटिश गिटारवादक जस्टिन अॅडम्स यांच्या साथीने किदाल गावच्या तिसदास या तामाशेक नभोवाणी केंद्रात परदेशात प्रसिद्ध झालेला त्यांचा पहिला अल्बम ध्वनिमुद्रित झाला. गावात वीज असायची ती संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत, म्हणून काम चाले ते रात्रीच. 2001 च्या जानेवारीत तिन-एसाको येथे 'फेस्टिव्हल ओ देझेर' हा वाळवंटातील संगीतमहोत्सव पहिल्यांदा भरला आणि परदेशी श्रोते प्रथमच त्या वाळूत उतरले. 2012 साली 'तासिली' या अल्बमला ग्रॅमी मिळाले. कॅसेटची जागा पुढे मोबाइलमधील मेमरी कार्डांनी घेतली. शेजारच्या नायजर देशातील तुआरेग गिटारवादक मदू मोक्तार यांची गाणी अशीच फोनाफोनी पसरली आणि मग अमेरिकेत पोहोचली.

त्याच 2012 साली उत्तर माली सशस्त्र धर्मांध गटांच्या ताब्यात गेला आणि तिथे संगीतावर बंदी आली. पुढच्या वर्षाच्या आरंभी गिटारवादक अब्दल्ला अग लामिदा आपल्या गिटारी वाचवायला गेले असता पकडले गेले. काही आठवड्यांनी त्यांची सुटका झाली. पुढचा अल्बम 'एमार' वृंदाने आपल्या वाळवंटाऐवजी कॅलिफोर्नियातील जोशुआ ट्रीच्या वाळवंटात ध्वनिमुद्रित केला.