नंबर वाढतोय, पण दिसत का नाही?

(दृश्य: तिन्हीसांज. म्हापसा–डिचोली रस्ता, ओलं डांबर, समोरून येणारे दिवे)

निवेदन:
साठी ओलांडलेल्या एका दुकानदाराचं उदाहरण घेऊ. दुकान म्हापशात, घर डिचोलीत. दुकान बंद करून अंधार पडल्यावर स्कूटरने घरी यायचं. हल्ली समोरून गाडी आली की काकांना रस्त्याची कडाच दिसत नाही.

दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याचा नंबर होता मायनस अर्धा. वर्षभरात तो पावणेदोन झाला, आता पावणेतीन. दरवेळी नवा चष्मा काही महिने बरा वाटायचा. मधल्या काळात काका वर्तमानपत्र चष्म्याशिवाय वाचू लागले, तेव्हा नजर सुधारली म्हणून घरचे खूश झाले. खरं तर तीच खूण होती. डोळ्यातल्या भिंगाचा गाभा घट्ट होतो, तेव्हा तो प्रकाश जास्त वाकवतो. म्हणून जवळचं दिसू लागतं आणि लांबचा मायनस नंबर वाढतो. मोतीबिंदूची ही एक सुरुवात.

(दृश्य: दवाखाना, अक्षरांचा तक्ता)

रक्तातली साखर वरखाली झाली तरी नंबर हलतो, तोही काही दिवसांत. त्यामुळे आधी साखर तपासली. ती ठीक निघाली. मग नव्या नंबरची काच लावून तक्ता वाचायला दिला. खोलीत मंद उजेड असताना काकांनी सहा-नऊची ओळ वाचली. बाजूने टॉर्च धरला, तर सहा-अठराच्या, म्हणजे वरच्या मोठ्या अक्षरांच्या ओळीपुढे जाता येईना. रस्त्यावरचा त्रास असा खोलीत दिसला.

चष्मा प्रकाश पडद्यावर नेमक्या जागी आणतो, इतकंच त्याचं काम. गढूळ भिंगातून विखुरलेला प्रकाश त्याला गोळा करता येत नाही. हेल्मेटच्या काचेवर धुकं साचलं, तर आतला चष्मा बदलून काय होणार?

(दृश्य: काळ्या पुठ्ठ्याला पडलेलं बारीक भोक)

डॉक्टरांनी आणखी एक साधी गोष्ट केली. चष्मा तसाच ठेवून, एक डोळा झाकून, एक मिलिमीटरच्या भोकातून तक्ता दाखवला. अक्षरं ठळक झाली, तर बहुधा नंबरच चुकलेला असतो. काकांना काहीच फरक पडला नाही. म्हणजे अडचण बहुधा भिंगात असेल किंवा मागच्या पडद्यात. ते ठरवायला बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासावंच लागतं. पडदा निरोगी निघाला. भिंगाचा गाभा पिवळसर झाला होता.

मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबा, असा सल्ला अजूनही गावोगाव ऐकू येतो. मला तो चुकीचा वाटतो. फार कडक झालेलं भिंग फोडून काढणं उलट अवघड जातं. शस्त्रक्रिया कधी करायची, हे रोजच्या कामावर ठरतं. दिवसाच फिरणारा माणूस थांबू शकतो. काकांना मात्र रात्रीची स्कूटर कायमची टाळता येत नव्हती. त्यांनी चौथा चष्मा केला नाही, उजव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख घेतली. तोवर दुकान उजेड असतानाच बंद होतं.