उजवी लेन कोणाची?

नमस्कार श्रोतेहो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जाताना तुमच्या दिशेला तीन लेन असतात. त्यातली दुभाजकालगतची उजवी लेन ओव्हरटेक करण्यापुरती आहे. पुढची गाडी मागे टाकली की पुन्हा डावीकडे यायचं, मग तुमची गाडी कितीही वेगात असो.

आता असं समजा, मधल्या लेनमधून एक ट्रक ताशी ५६ किलोमीटरने चाललाय आणि त्याच्या मागचा ट्रक ६० ने. मागचा चालक उजव्या लेनमध्ये शिरतो. वेगातला फरक चारच किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला जेमतेम एक मीटर. दोन्ही ट्रकांची लांबी आणि पुढेमागे सोडायचं अंतर धरलं, तर साठेक मीटर पुढे सरकावं लागतं. त्याला जवळजवळ एक मिनिट जातं आणि तेवढ्यात रस्ता मागे पडतो पाऊण किलोमीटरहून जास्त. तोवर मधली आणि उजवी, दोन्ही लेन अडलेल्या.

मागून शंभरने येणारी कार ब्रेक मारते. तिच्या मागचा आणखी जोरात मारतो. मग कुणीतरी कंटाळून डावीकडून घुसतो, आणि मला खरी भीती वाटते ती इथे. ट्रकचालक उजव्या बाजूला बसतो. डाव्या दाराखालचा, केबिनला लागून असलेला पट्टा त्याला नीट दिसत नाही. कार नेमकी तिथे असताना ट्रक डावीकडे येऊ लागला, तर कारवाल्याला सरकायला जागा कुठे आहे?

उजव्या लेनमध्ये ठाण मांडून ऐंशीने चालणारी कारही हेच करते. ‘मी नियमातच आहे, मागच्याला घाई असेल तर त्यानं बघावं,’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण वेग मोजणं हे पोलिसांचं काम. आपण बाजूला व्हायचं.

इंडिकेटरचंही तसंच. बरेच जण स्टिअरिंग वळवता वळवता तो लावतात. शंभरच्या वेगात गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. म्हणून आधी आरसा बघा, मग इंडिकेटर लावा, तीन-चार वेळा लुकलुकू द्या, खांद्यावरून एक नजर टाका आणि मगच सरका. लेनमध्ये आल्यावर तो बंद झाला का, तेही पाहा. लेन बदलताना स्टिअरिंग थोडंसंच वळतं, त्यामुळे तो पुष्कळदा आपोआप बंद होत नाही.

ट्रकचालक भावांनो, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ‘जा पुढे’ सांगायला तुम्ही उजवा इंडिकेटर देता. द्रुतगती मार्गावर ती सवय सोडा. इथे मागच्याला वाटतं, तुम्हीच उजवीकडे येताय, आणि तो ब्रेकवर पाय ठेवतो.