वाचणाऱ्याच्या घड्याळात किती वाजलेत?

नमस्कार मंडळी. आजचा विषय वरवर किरकोळ वाटेल. मेल, सूचना किंवा ॲपमधला संदेश लिहिताना वाचणाऱ्याकडे किती वाजलेत हे माहीत नसेल, तर पहिल्या ओळीत सुप्रभात म्हणायचं, शुभ संध्याकाळ म्हणायचं की आणखी काही?

समोरासमोर किंवा फोनवर बोलताना ही अडचण सहसा येत नाही, कारण दोघांची वेळ एकच असते, निदान विचारून तरी घेता येते. लिहिलेल्या मजकुराला मात्र तीन वेळा असतात: लिहिल्याची, पोहोचल्याची आणि वाचल्याची. वेळेचं अभिवादन फक्त तिसऱ्या वेळेला लागू पडतं, आणि लिहिणाऱ्याला तीच ठाऊक नसते. आपल्या जुन्या पत्रलेखनात हा प्रश्न कधीच सुटलेला होता. पत्र पोहोचायला चार-आठ दिवस लागायचे, म्हणून मायना ‘सा. न. वि. वि.’, म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. पत्र पहाटे उघडा नाहीतर दिवेलागणीला, नमस्कार शिळा होत नाही.

एक उदाहरण नीट उलगडून पाहू. पुण्यातल्या एका मंडळाच्या चिटणीसबाई सोमवारी, १२ जानेवारी २०२६ रोजी सकाळी ९:३० वाजता सर्व सभासदांना मेल पाठवतात: ‘सुप्रभात! आज संध्याकाळी ६ वाजता ऑनलाइन बैठक आहे.’ मेल निघते त्या क्षणी दुबईत सकाळचे ८ वाजलेत, तिथे सगळं ठीक. लंडनमध्ये पहाटेचे ४, मेलबर्नमध्ये दुपारचे ३. न्यू जर्सीत तर रविवारच रात्रीचे ११.

आता गंमत बघा. न्यू जर्सीतले सभासद ही मेल झोपून उठल्यावर, सोमवारी सकाळी ७ वाजता उघडतात. ‘सुप्रभात’ योगायोगाने बरोबर बसलं, आणि घात तिथेच होतो. आपल्या सकाळी सुप्रभात वाचल्यावर पुढची ‘आज संध्याकाळ’सुद्धा आपलीच असा माणसाचा समज होतो. तेव्हा भारतात संध्याकाळचे ५:३० वाजलेत आणि बैठक अर्ध्या तासावर आलीय. ते मात्र आपल्या संध्याकाळी ६ ला दुवा उघडणार, म्हणजे भारतात मंगळवारी पहाटे ४:३० ला. म्हणून चुकलेल्या अभिवादनापेक्षा योगायोगाने जुळलेलं अभिवादन जास्त धोक्याचं, असं माझं मत आहे. चुकलेलं निदान वाचणाऱ्याला सावध तरी करतं.

त्याच मेलची दुरुस्ती अशी: ‘नमस्कार. बैठक सोमवार, १२ जानेवारी २०२६ रोजी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ६ वाजता आहे (न्यू जर्सी सकाळी ७:३०, लंडन दुपारी १२:३०, दुबई दुपारी ४:३०, मेलबर्न रात्री ११:३०).’ वार, तारीख आणि वेळ कुठली, हे तिन्ही हवं. आज, उद्या, काल हे शब्द पूर्ण काढायचे. सुप्रभात काढून ‘आज’ ठेवणं हे अर्धवट काम झालं.

ही गावांची यादी एकदा बनवून वर्षभर चिकटवू नका. भारतात घड्याळ मागेपुढे होत नाही, इतर अनेक देशांत होतं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. ब्रिटन-युरोपात हेच मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. त्यामुळे न्यू जर्सी हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेनऊ. आणि मार्चमधले दोन-तीन आठवडे असे येतात की अमेरिका बदललेली असते, लंडन अजून नाही.

आता ॲप आणि संकेतस्थळं बनवणाऱ्यांसाठी. नावासमोर आपोआप अभिवादन दाखवणारा नेहमीचा तुकडा साधारण असा असतो:

```js
const h = new Date().getHours();
if (h < 12) greet = 'सुप्रभात';
else if (h < 17) greet = 'शुभ दुपार';
else greet = 'शुभ संध्याकाळ';
```

हा तुकडा वाचणाऱ्याच्या फोनवर चालला तर फोनचं घड्याळ बघतो आणि बहुतेक वेळा बरोबर निघतो. तोच सर्व्हरवर चालला तर सर्व्हरचं घड्याळ बघतो, आणि सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे, लावलेले असतात. मग भारतातल्या माणसाला पहाटे ५:३० पासून संध्याकाळी ५:३० पर्यंत सुप्रभात दिसतं, रात्री १०:३० पर्यंत शुभ दुपार, आणि पुढे रात्रभर शुभ संध्याकाळ. ओळखण्याची खूण सोपी आहे: संध्याकाळी ५:२९ ला पान उघडा आणि ५:३१ ला ताजं करा. सुप्रभातचं शुभ दुपार झालं, तर घड्याळ यूटीसीचंच आहे. सर्व्हरवरच काम करायचं असेल, तर वापरकर्त्याने निवडलेला वेळपट्टा साठवून तो स्पष्ट द्यावा लागतो:

```js
const h = Number(new Intl.DateTimeFormat('en-US',
  { hour: 'numeric', hourCycle: 'h23',
    timeZone: 'Asia/Kolkata' }).format(new Date()));
```

इथे `Asia/Kolkata` हे नाव साठवा, `+05:30` हा आकडा नको. भारतापुरता आकडाही चालून जाईल, पण `America/New_York` साठी तो वर्षातून दोनदा बदलतो. आयपी पत्त्यावरून गाव ओळखण्यावर फार विसंबू नका, व्हीपीएन लावलेला माणूस मुंबईत बसून सिंगापूरचा दिसतो. आणि वेळ बरोबर मिळाली, तरी वरचा तुकडा रात्री एक वाजता जाग्या असलेल्या माणसाला सुप्रभात म्हणतोच. तिथे ‘शुभ रात्री’ टाकावं तर तो आपल्याकडे निरोपाचा शब्द. माणूस आत येतोय आणि आपण त्याला झोपायला पाठवतोय. रात्री ९ ते पहाटे ५ साधा नमस्कार ठेवा. खरं तर शुभ दुपारच्या जागीही तोच ठेवा, शुभ दुपार बोलताना कुणी म्हणत नाही.

मेलमध्ये हा उपायही नाही. काही जण अभिवादनाचं चित्र बनवतात, मेल उघडली की ते त्या वेळेप्रमाणे सर्व्हरवरून यावं म्हणून. पण ॲपलने २०२१ मध्ये आणलेली मेलची गोपनीयता-सोय चालू असेल, तर चित्रं माणसाने मेल उघडण्याआधीच आणून ठेवली जातात. म्हणजे दुपारी आणलेलं चित्र रात्री दिसणार. जीमेलही चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत दाखवतं. तेव्हा मेलमध्ये नमस्कारच.

थेट ऑनलाइन बैठकीत सूत्रसंचालक ‘जिथे सकाळ आहे तिथे सुप्रभात, जिथे रात्र आहे तिथे…’ अशी पृथ्वीप्रदक्षिणा घालतात. एकदा ठीक आहे, प्रत्येक वक्त्याने घातली की पाच मिनिटं गेली. आयआरसी या जुन्या गप्पांच्या जाळ्यावर प्रोग्रॅमर मंडळींनी यावर एक खोडकर तोडगा काढला होता, ‘युनिव्हर्सल ग्रीटिंग टाइम’ नावाचा: आत आलं की सकाळ, जाताना रात्र, खिडकीबाहेर काहीही असो. ओळखीच्या गटात हे झकास चालतं. ग्राहकाला पाठवायच्या पत्रात नाही.

शेवटच्या ओळीकडेही बघा. ‘आपला दिवस शुभ जावो’ हे वाक्य रात्री अकराला वाचलं जाऊ शकतं. ‘कळावे’ किंवा ‘धन्यवाद’ पुरतं. आणि समोरच्याने मेलमध्ये गुड मॉर्निंग लिहिलं, पण तुमच्याकडे रात्र आहे, तर तेच परत करायची गरज नाही आणि दुरुस्तही करू नका. नमस्कार लिहून सरळ मुद्द्यावर या.