उपासाची खिचडी आणि लिपिड प्रोफाइल: खापर दाण्यांवर का फुटतं?

(कॅमेऱ्यासमोर, टेबलावर भिजवलेल्या साबुदाण्याचं पातेलं)

"काकू, उपाशीपोटी आला आहात ना?"
"हो हो, चतुर्थी आहे आज. सकाळी फक्त खिचडी खाल्लीय."

लॅबमधल्या मुलीने सुई परत ठेवून दिली. काकू म्हणजे माझी आत्या. आणि तिच्या शेजारी बसलेली, व्यवसायाने आहारतज्ज्ञ असलेली मी, भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

दुसऱ्या दिवशी लिपिड प्रोफाइलसाठी, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीसाठी, खरंच उपाशीपोटी रक्त दिलं. रिपोर्ट आला: एकूण कोलेस्टेरॉल २१४, त्यातलं चांगलं म्हणजे एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड्स २६०, वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल १२४. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तात फिरणारी चरबी, १५० च्या आत हवीत. आत्याने लगेच निकाल देऊन टाकला, "दाणे बंद करते. दाण्यात फार तेल असतं."

आत्याचे उपास म्हणजे सोमवार, गुरुवार, दोन्ही एकादश्या आणि संकष्टी. महिन्याचे दहा-अकरा दिवस झाले. त्यामुळे उपासाचं ताट हा तिच्या आहाराचा एक तृतीयांश भाग आहे. म्हणून मी तिची एका वेळची खिचडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजली.

कोरडा साबुदाणा ७५ ग्रॅम. दाण्याचं कूट २५ ग्रॅम. एक छोटा बटाटा. पोह्याच्या चमच्याने दोन चमचे तूप, म्हणजे साधारण १८ ग्रॅम. वर चमचाभर साखर. सगळं मिळून सव्वासहाशे कॅलरी, आणि हे "फक्त खिचडी" होतं.

आता एकेक बघू. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा स्टार्च. त्या ७५ ग्रॅममध्ये ६५ ग्रॅमच्या आसपास पिष्ट, प्रथिनं नावाला, तंतू जवळजवळ नाहीत. पोटात गेल्यावर त्याचं ग्लुकोज पटकन होतं. लागेल तेवढं शरीर वापरतं, थोडं साठवतं. गरजेपेक्षा जास्त पिष्ट आणि साखर रोज येत राहिली, त्यात पोटाचा घेर असेल किंवा मधुमेहाची सुरुवात असेल, तर यकृत त्यातून चरबी तयार करतं आणि रक्तात पाठवतं. रिपोर्टमधल्या ट्रायग्लिसराइड्समध्ये हीही चरबी असते. म्हणजे न तळलेल्या, कमी तुपाच्या खिचडीनेही हा आकडा वाढू शकतो. लोकांना हे पटत नाही, कारण चरबी वाढली की आपण तेलाकडे बघतो.

(दाण्याच्या कुटाची वाटी उचलत)

आता आरोपी. २५ ग्रॅम कुटात १२ ग्रॅम फॅट असतं, आत्याचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं. पण त्यातलं संपृक्त फॅट, जे एलडीएल वाढवतं, ते दोन ग्रॅमसुद्धा नाही. बाकीचं असंपृक्त. दाण्यात कोलेस्टेरॉल तर नसतंच, कुठल्याच वनस्पतीत ते दखल घ्यावी इतकं नसतं. शिवाय त्या खिचडीत जी काही पाच-सहा ग्रॅम प्रथिनं आहेत, ती जवळपास सगळी कुटातून आलेली आहेत. दाणे काढून टाकले तर ताटात उरतो स्टार्च आणि तूप.

तूप! १८ ग्रॅम तुपात ११ ग्रॅमच्या आसपास संपृक्त फॅट. दिवसाला दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाची दिवसभराची मर्यादा २२ ग्रॅम धरतात, म्हणजे निम्मी एका ताटात संपली. संपृक्त फॅट सतत जास्त असलं की रक्तातलं एलडीएल उचलून घ्यायचं यकृताचं काम मंदावतं आणि ते रक्तातच फिरत राहतं. पण हे काही आठवड्यांत घडतं. एका एकादशीने एलडीएल वाढत नाही आणि एका सोमवारी तूप सोडल्याने उतरतही नाही.

वड्यांचं गणित थोडं वेगळं. मी तळण्याआधी आणि नंतर तेल तोलून बघितलं. दहा वड्यांनी ७० ग्रॅम तेल प्यायलं होतं, म्हणजे वड्याला सात ग्रॅम. साबुदाण्यात पाणी जास्त राहिलं किंवा तेल नीट तापलं नसलं की वडा आणखी पितो. हातात घेतल्यावर बोटं तेलकट झाली तर समजायचं. शेंगदाणा तेलात तळलात तर मुख्य त्रास कॅलरीचा आणि ट्रायग्लिसराइड्सचा. वनस्पती तुपात किंवा पामतेलात तळलेले असतील तर एलडीएलचाही. विकतच्या उपासाच्या वेफर्सच्या पाकिटामागे "पामोलिन" लिहिलेलं बऱ्याचदा सापडतं. वाचायला चष्मा लागतो, ते सोडा.

आत्याने काय बदललं ते सांगते. दाणे तेवढेच ठेवले. साबुदाणा निम्मा केला, तूप एक चमचा. खिचडी महिन्यातून चारदा, बाकीच्या दिवशी वरईचा भात आणि दाण्याची आमटी, सोबत ताक. वडे आणि वेफर्स बंद. आणि उपासाच्या दिवशीचा पाच वेळचा गोड चहा दोनवर आणला. यावरच सगळ्यात जास्त भांडण झालं.

दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी. संध्याकाळी फोन आला, "अगं, तुझं ऐकून तूप कमी केलं आणि वाईट कोलेस्टेरॉल वाढलं!"

रिपोर्ट असा होता: एकूण २०५, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड्स १६०, एलडीएल १३३. १२४ वरून १३३.

(कागद कॅमेऱ्यासमोर धरत)

बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल मोजत नाहीत, हिशोबाने काढतात. एकूणातून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा करायचा. आधी २६० चा पाचवा भाग ५२ वजा होत होता, आता १६० चा ३२ च होतो. वजाबाकी लहान झाली, म्हणून उत्तर मोठं दिसलं. ट्रायग्लिसराइड्स चढे असताना हा हिशोब एलडीएल खरं आहे त्यापेक्षा कमी दाखवू शकतो, आणि ४०० च्या वर गेले की तो वापरतच नाहीत. अशा वेळी एकूणातून फक्त एचडीएल वजा करून बघा. त्याला नॉन-एचडीएल म्हणतात. आत्याचं आधी १७६ होतं, आता १६५. म्हणजे सुधारणा आहे, पण थोडी. डॉक्टरांनी औषधाचा विषय काढला, तो बरोबरच होता. आणि ट्रायग्लिसराइड्स आज एक, पुढच्या आठवड्यात दुसरे असू शकतात, त्यामुळे शंभरने झालेली घट सगळी ताटामुळे आली असंही मी म्हणणार नाही. ते ५०० च्या वर असतील तर मात्र ताट बदलून वाट बघत बसू नका, स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. लगेच डॉक्टरकडे जा.

एक राहिलं, रक्त कधी द्यायचं? संकष्टीला चंद्रोदय रात्री नऊ-साडेनऊच्या पुढेमागे. मग आरती, नैवेद्य आणि तूप सोडलेले मोदक, जेवायला दहा वाजतात. सकाळी सातला रक्त दिलंत तर जेमतेम नऊ तास झालेले असतात आणि रात्रीची चरबी अजून रक्तात असू शकते. कधी कधी तर नळीतलं रक्तद्रव दुधासारखं गढूळ दिसतं. म्हणून संकष्टीचा दुसरा दिवस टाळा, आदल्या रात्री आठला नेहमीचं जेवून सकाळी आठला जा. लॅबमधल्या मुलीने विचारलंच, तर साबुदाण्याचा एक दाणाही खाल्लेला नाही असं सांगा. आत्या आता हे तिने विचारायच्या आधीच सांगते.